०.२५ × ०.४ चं उत्तर ०.१ कसं? दशांश चिन्हापुढचे अंक मोजताना होणारी गफलत

प्रश्न: मुलाच्या वर्कशीटमध्ये ०.२५ × ०.४ चं उत्तर ०.१ छापलंय आणि ३.७५ × ०.४८ चं १.८. त्याला शिकवलंय की दोन्ही संख्यांमधले दशांश चिन्हापुढचे अंक मोजायचे आणि उत्तरात तेवढेच अंक सोडून चिन्ह द्यायचं. त्या हिशेबाने त्याने ०.००१ आणि ०.००१८ लिहिलं, दोन्ही चूक निघाली. छापलेली उत्तरं चुकलीत, की हा नियम नेहमी चालत नाही?

उत्तर:

छापलेली उत्तरंही बरोबर आहेत आणि नियमही बरोबर आहे. मुलाचा गुणाकार आणि मोजणीसुद्धा बरोबर आहे. चुकलाय तो फक्त क्रम.

त्याच्या वहीत काय झालं असेल ते त्याच्या उत्तरावरूनच कळतं. त्याने २५ × ४ = १०० केलं. मग शेवटची दोन शून्यं काढून टाकली, कारण दशांश अपूर्णांकात शेवटच्या शून्यांना किंमत नसते हे त्याला शिकवलेलं आहे. हातात उरला १. त्या १ ला तीन स्थळं द्यायची म्हणून डावीकडे दोन शून्यं जोडली आणि ०.००१ लिहिलं. प्रत्यक्षात तीन अंक मोजायचे होते ते पूर्ण १०० वर. १०० च्या उजवीकडून एक, दोन, तीन असे अंक मोजले की चिन्ह १ च्या आधी येतं आणि संख्या होते ०.१००. शून्यं काढायची ती यानंतर. मग उरतं ०.१.

दुसरं गणितही असंच गेलंय. ३७५ ला ८ ने गुणल्यावर ३०००, ४० ने गुणल्यावर १५०००, बेरीज १८०००. ३.७५ मध्ये चिन्हापुढे दोन अंक, ०.४८ मध्ये दोन, एकूण चार. १८००० मध्ये उजवीकडून चार अंक मोजले की १.८००० मिळतं, म्हणजेच १.८. मुलाने आधी तीन शून्यं काढली, १८ उरले आणि त्यांना चार स्थळं देऊन ०.००१८ लिहिलं.

आता दोन्ही चुका किती मोठ्या आहेत ते बघा. पहिलं उत्तर खऱ्या उत्तराच्या शंभर पटींनी लहान आहे आणि दुसरं बरोबर हजार पटींनी. पहिल्यात त्याने दोन शून्यं काढली होती, दुसऱ्यात तीन. हा योगायोग नाही. चिन्ह देण्याआधी १०० चं १ करणं म्हणजे १०० ने भागणं. चिन्ह दिल्यावर ०.१०० चं ०.१ करणं म्हणजे तीच संख्या कमी अंकांत लिहिणं. शून्य खोडताना वहीवर दोन्ही कृती सारख्याच दिसतात, म्हणून मुलं फसतात. मुलाला सांगताना मी एवढंच सांगेन: आधी गुण, मग मोज, मग चिन्ह दे, आणि शून्यांना हात अगदी शेवटी लाव.

पण क्रम नुसता पाठ करून घेतला तर तो पुन्हा घसरेल. हे अंक आपण मोजतो तरी कशासाठी, ते त्याला एकदा नीट कळायला हवं.

०.२५ म्हणजे २५/१०० आणि ०.४ म्हणजे ४/१०. अपूर्णांकांच्या गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणतात. अंशांचा गुणाकार २५ × ४ = १००. छेदांचा गुणाकार १०० × १० = १०००. उत्तर १००/१०००. म्हणजे दशांश चिन्ह काढून आपण ज्या पूर्ण संख्या गुणतो, ते अंश असतात, आणि चिन्हापुढचे अंक मोजतो तेव्हा खरं तर छेदातली शून्यं मोजत असतो. १०० मध्ये दोन शून्यं, १० मध्ये एक. १०, १००, १००० अशा संख्यांचा आपापसांत गुणाकार केला की शून्यांची बेरीज होते. म्हणून २ + १ = ३. या युक्तीत याहून जास्त काही नाही.

एकदा हे दिसलं की शून्यं आधी का काढायची नाहीत तेही आपोआप समजतं. १००/१००० मध्ये वरची दोन शून्यं काढली तर खालचीही दोन काढावी लागतात, मग १/१० उरतं, म्हणजे ०.१. मुलाने वरची काढली आणि खालची तीन तशीच ठेवली. त्याने लिहिलेलं ०.००१ म्हणजे १/१०००. त्याच्याच वहीत हे दोन्ही अपूर्णांक शेजारी शेजारी लिहून दाखवा. शून्यं फक्त एकाच बाजूने गेली, ही गोष्ट बहुतेक मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतात.

ही मोजणी जुनी आहे. १५८५ साली फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने दशांश पद्धत मांडली तेव्हा तो आजच्यासारखं चिन्ह देत नव्हता. प्रत्येक अंकासोबत तो कितव्या स्थळावर आहे तो आकडा गोलात लिहायचा: दशांशाच्या अंकाला १, शतांशाच्या अंकाला २. त्याने सोडवून दाखवलेला गुणाकार आजच्या लेखनात ३२.५७ × ८९.४६ असा होतो. त्याने आधी पूर्ण संख्यांचा गुणाकार केला, २९१३७१२२ मिळवले, दोन्ही संख्यांच्या शेवटच्या गोलांतले आकडे मिळवले, २ आणि २, आणि उत्तराच्या शेवटच्या अंकाला ४ हा गोल दिला. म्हणजे २९१३.७१२२. मुलांना हे दाखवायला मला आवडतं, कारण इथे चिन्ह “सरकवण्याचा” प्रश्नच येत नाही. शेवटचा अंक कोणत्या स्थळाचा आहे एवढंच ठरवायचं असतं, बाकीचे अंक आपोआप आपल्या जागी बसतात.

आता उलट बाजूचं शून्य. ०.०३ × ०.२ घ्या. ३ × २ = ६, स्थळं तीन, पण आपल्याकडे अंक एकच. इथे मात्र डावीकडे शून्यं जोडायचीच आहेत: ०.००६. तुमच्या मुलाला हे जमतं, ०.००१ लिहिताना त्याने नेमकं हेच केलंय. अनेक मुलांची गाडी इथे अडते. अंक संपले की मोजणीही संपली असं समजून ती ०.६ किंवा ०.०६ लिहितात. अशा वेळी मी ६ च्या डावीकडे पेन्सिलने रिकामी घरं आखून घेतो. उजवीकडून पहिल्या घरात ६, मग दोन घरं रिकामी, त्यांत शून्यं, त्यांच्या आधी चिन्ह. घरं दिसली की मोजणी चुकत नाही.

०.२ × ०.३ = ०.६ ही चूक वेगळ्या मुळातून येते. तिथे मोजणीचा घोळ नसतो, बेरजेची सवय गुणाकारात आलेली असते. ०.२ + ०.३ मध्ये दोन्हीकडे एकच स्थळ असतं आणि उत्तर ०.५ मध्येही एकच. मुलाला वाटतं गुणाकारातही एकच राहील. इथे चौकटींचा कागद फार उपयोगी पडतो. १० × १० चा, शंभर घरांचा चौरस काढा. पूर्ण चौरस म्हणजे १. उभ्या दहा पट्ट्यांपैकी दोन रंगवा, ते ०.२. आडव्या दहा पट्ट्यांपैकी तीन दुसऱ्या रंगाने रंगवा, ते ०.३. दोन्ही रंग एकावर एक आलेली घरं मोजा: सहा. शंभरातली सहा म्हणजे ०.०६. दहाव्या भागाचा दहावा भाग घेतला की शंभरावा भाग होतो, हे त्या कागदावर डोळ्यांना दिसतं. हा चौरस एकदा स्वतः रंगवलेला मूल ०.६ लिहिताना थबकतं.

बेरजेची सवय मांडणीतही शिरते. बेरजेत चिन्हाखाली चिन्ह यावं लागतं, म्हणून गुणाकारातही काही मुलं ३.७५ खाली ०.४८ चिन्ह जुळवून लिहितात आणि ० ने गुणण्याची आख्खी ओळ वाढवतात. उत्तर त्याने चुकत नाही, पण ओळी वाढल्या की अंक इकडे तिकडे घसरतात. गुणाकारात चिन्ह जुळवायची गरज नाही. वहीत सरळ ३७५ आणि त्याखाली ४८ असं उजवीकडून जुळवून लिहावं आणि बाजूला समासात “२ + २ = ४” एवढी नोंद करावी. मधल्या ओळींत चिन्ह कुठेच द्यायचं नाही. समासातल्या या नोंदीवर माझा आग्रह असतो, कारण लांब गुणाकार संपेपर्यंत स्थळं किती होती हे लक्षात राहत नाही आणि मूल अंदाजाने चिन्ह देऊन मोकळं होतं.

तुमच्या मूळ शंकेचा एक भाग अजून उरतो. काही उत्तरांत मोजल्याइतके अंक दिसतात, काहींत कमी दिसतात. कुठे कमी होणार हे आधी ओळखता येईल का? येईल, आणि छापील उत्तरं तपासताना ही ओळख फार कामाची आहे.

उत्तराच्या शेवटी शून्य आलं तरच अंक कमी होतात. दोन संख्यांचे शेवटचे अंक शून्य नसतील, तर गुणाकाराच्या शेवटी शून्य येण्याची वाट एकच आहे: एकीचा शेवटचा अंक ५ असावा आणि दुसरीचा सम, म्हणजे २, ४, ६ किंवा ८. ०.२५ मध्ये शेवटी ५, ०.४ मध्ये ४. ३.७५ मध्ये ५, ०.४८ मध्ये ८. वर्कशीट तयार करणारे ही गणितं मुद्दाम घालतात, कारण शून्यांची समज इथेच तपासली जाते. किती शून्यं येतील तेही सांगता येतं. १० = २ × ५, म्हणून २ आणि ५ ची एकेक जोडी जमली की एक शून्य. ३७५ मध्ये ५ तीनदा आहे (३७५ = ३ × ५ × ५ × ५), ४८ मध्ये २ चारदा आहे. जोड्या तीनच लागतात, म्हणून तीन शून्यं.

शेवटी ५ आणि सम अंक अशी जोडी नसेल, तर छापील उत्तरात मोजणीइतकेच अंक असायला हवेत, एकही कमी किंवा जास्त नाही. समजा ०.३६ × १.७ च्या पुढे ६.१२ छापलंय. शेवटचे अंक ६ आणि ७, त्यांचा गुणाकार ४२, म्हणजे शेवटी शून्य येणं शक्यच नाही. स्थळं २ + १ = ३. तेव्हा उत्तरात तीन स्थळं हवीत आणि शेवटचा अंक २ हवा. खरं उत्तर ०.६१२, छपाईत चिन्ह सरकलंय. पूर्ण गुणाकार न करताही चूक पकडता आली. फक्त वर्कशीटच्या वरची सूचना आधी वाचा. “उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा” असं म्हटलं असेल तर ०.६१ हेच अपेक्षित आहे.

मोजणीवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका. मोजणीतच चूक झाली तर ती मोजणी करून सापडत नाही, त्यासाठी वेगळी कसोटी लागते, आणि ती म्हणजे अंदाज. ६.२ × ४.९ मध्ये ६२ × ४९ = ३०३८. चिन्ह कुठे? ६.२ म्हणजे साधारण ६, ४.९ म्हणजे साधारण ५, गुणाकार ३० च्या आसपास. ३.०३८, ३०.३८ आणि ३०३.८ यांतलं ३०.३८ च बसतं. मोजणीही तेच सांगते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलो की चिन्ह बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

तुमच्या मुलाची दोन्ही गणितं अंदाजाने लगेच सुटली असती. ०.२५ म्हणजे पाव. ०.४ चा पाव भाग ०.१, इथे अंदाजसुद्धा नको, थेट उत्तरच हातात येतं. ०.४८ म्हणजे जवळपास अर्धा. ३.७५ चा अर्धा पावणेदोनच्या थोडा वर. ज्याला हे दिसलं तो ०.००१८ लिहून पुढे जाणारच नाही. म्हणून मी मुलांना गुणाकार सुरू करण्याआधी समासात अंदाज लिहायला सांगतो. उत्तर काढून झाल्यावर अंदाज मागितला, की ती उत्तराकडे बघून अंदाज लिहितात आणि कसोटीचा उपयोग संपतो.

एका गोष्टीला मात्र तोंडी उजळणी लागते: १ पेक्षा लहान धन संख्येने गुणलं की उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान येतं. पूर्ण संख्यांचे पाढे म्हणत वाढलेल्या मुलांना गुणाकार म्हणजे वाढ असंच वाटत असतं, आणि त्यामुळे बरोबर आलेलं लहान उत्तर ती स्वतःच खोडून मोठं करतात.

अंदाज सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो ०.६ × ५० सारख्या गणितात. इथे ५० च्या शेवटी शून्य आहे आणि ते दशांश चिन्हापुढचं नाही. ६ × ५० = ३००, स्थळ एक, म्हणून ३०.०, म्हणजे ३०. इथे मुलं दोन प्रकारे चुकतात. काहीजण ५० मधलं शून्य बाजूला ठेवून ६ × ५ = ३० करतात, ते शून्य परत घ्यायला विसरतात आणि ३.० लिहितात. काहीजण ३०.० पर्यंत बरोबर येतात आणि मग शून्यं काढताना चिन्हाच्या डावीकडचंही काढून ३ करतात. ५० च्या अर्ध्याहून थोडं जास्त म्हणजे २५ पेक्षा जास्त, तेव्हा ३ हे उत्तर असूच शकत नाही. शून्य काढायचं ते फक्त चिन्हाच्या उजवीकडचं, आणि तेही शेवटी असलेलं. २.०५ मधलं शून्य उजवीकडे आहे पण शेवटी नाही, म्हणून ते काढायचंही नाही आणि मोजताना वगळायचंही नाही.

मग २.५० सारखी संख्या दिली तर स्थळं दोन धरायची की एक? कोणतीही धरा, पण जी संख्या गुणली तिचीच स्थळं मोजा. २.५० × १.२ मध्ये २५० × १२ = ३०००, स्थळं तीन, उत्तर ३.०००. तीच संख्या २.५ धरली तर २५ × १२ = ३००, स्थळं दोन, उत्तर ३.००. दोन्ही ३ च. गुणताना २५ आणि मोजताना २.५० असं केलं की मात्र ०.३ येतं.

तीन किंवा जास्त संख्यांचा गुणाकार असेल तरी नियम हाच, सगळ्यांची स्थळं मिळवायची. बेरीज-वजाबाकीत हा नियम लागत नाही. भागाकारात तर नाहीच, आणि बरीच मुलं तो तिथे ओढून नेतात. ०.३३३… सारख्या आवर्ती अपूर्णांकात अंक संपतच नाहीत, त्यामुळे मोजणीही नाही. तिथे १/३ लिहून गुणावं: १/३ × ३/१० = १/१०. कॅल्क्युलेटरवर पडताळा घेताना एवढं ध्यानात ठेवा की तो शेवटची शून्यं दाखवत नाही, १.८००० ऐवजी १.८ एवढंच दिसतं. मोजमापाच्या कामात १.८० मधलं शून्य मापाची अचूकता सांगतं आणि ते ठेवावं लागतं, पण या वर्कशीटला ती अडचण नाही.

मुलाकडून आज ही पाच गणितं करून घ्या, प्रत्येकाआधी समासात अंदाज आणि स्थळांची बेरीज लिहायला लावून. ०.१२५ × ०.८ मध्ये १००० येतील, स्थळं चार, उत्तर ०.१. १.५ × ०.०६ मध्ये ९०, स्थळं तीन, म्हणून डावीकडे शून्य जोडून ०.०९० आणि मग उजवीकडचं काढून ०.०९. या एकाच गणितात दोन्ही बाजूंची शून्यं येतात, म्हणून ते वगळू नका. ०.०७ × ०.०९ मध्ये ६३, स्थळं चार, उत्तर ०.००६३. २.०५ × ३.४ मध्ये ६९७०, स्थळं तीन, उत्तर ६.९७. आणि ४० × ०.१५ मध्ये ६००, स्थळं दोन, उत्तर ६. दुसरं आणि पाचवं बरोबर आलं, तर शून्य कधी काढायचं हे त्याला समजलंय. दुसरं ०.००९ आलं तर तो अजूनही मोजण्याआधी शून्य काढतोय, आणि पाचवं ०.०६ आलं तरी कारण तेच. मग त्याला पुन्हा १००/१००० लिहून दाखवा आणि वरची शून्यं काढताना खालची किती काढायची ते त्यालाच विचारा.